चौथा बोअर नऊ पावलं पश्चिमेला

आधी वास आला. गटार उपसल्यावर येतो तसा, पण त्यात कुजलेल्या पानांचाही जरासा. जबलपूरबाहेर नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून पुढे आलं की उजव्या हाताला आमच्या समाजाच्या मुलींच्या वसतिगृहाची साइट आहे. तिथे ईशान्येच्या कोपऱ्यात परवाच पाण्याचा बोअर मारला होता, आणि त्यातून निघालेला चिखल मुरमावर ढीग करून टाकला होता. बाबा पायाचे खड्डे बघत होते. मला काम नव्हतं, म्हणून मी त्या ढिगाजवळ बसले आणि एक मूठ उचलली.

राखाडी. गुळगुळीत. तळहातावर वळली तर शेवेसारखी लांब वळत गेली, तुटेचना. मध्ये एक छोटा शंख, आणि काळं पडलेलं एक पान, त्याच्या शिरा अजून दिसत होत्या.

रेती अशी वळत नाही, हे मला माहीत होतं. अकरावीत असले तरी गेल्या दिवाळीपासून बाबांच्या माती-तपासणीच्या कामात मी हात घातला होता, आणि त्याचा मला जाम गर्व होता. कोचिंगच्या मैत्रिणींसमोर मी 'आपल्या गावाखाली काय आहे' यावर भाषणं ठोकायची.

"पुंडलिककाका," मी हाक मारली, "हे किती खोलीवरून आलं?"

पुंडलिककाका म्हणजे बांधकामाचे ठेकेदार. मूळचे गोंदियाचे, पण तीस वर्षांत जबलपूरकर झालेले. ते फोनवर होते. "हाँ हाँ, आने दो गाडी," असं म्हणून त्यांनी फोन कानापासून जरा दूर केला. "काय म्हणून राहिली, विनू?"

"हा चिखल. किती फुटांवर लागला?"

"दहा फुटांपासून अठरापर्यंत हेच निघालं. बोअरवाला वैतागून गेला होता, पाइप चिकटून राहिले म्हणे. मग रेती लागली, तेव्हा कुठे पाणी आलं. काहून?"

मी चिखल मुठीत तसाच धरून उठले.

आमच्या रिपोर्टमध्ये या कोपऱ्याखाली दहा ते अठरा फुटांत चांगली दाबलेली रेती होती. आमचा चौथा बोअर, माती तपासायला मारलेला. त्याची नोंद माझ्या अक्षरात होती.

आणि तो बोअर या कोपऱ्यात मारलेलाच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा दोन दिवस नरसिंहपूरच्या एका कामावर अडकले होते. इथे नथ्थूभैयांची ड्रिलिंगची तिपाई उभी होती. तीन कोपऱ्यांचे तीन बोअर झाले होते, चौथा ईशान्येचा राहिला होता. बाबा फोनवर म्हणाले, "विनू, तू फक्त लिही. ठरवू काही नको. काही वाटलं तर मला फोन कर." मी म्हटलं, "हो बाबा, मी काय लहान आहे?"

ईशान्येला भूमिपूजन झालेलं. विटांनी चौकट आखून मध्ये कलश पुरलेला, वर हळदीकुंकू, सुकलेल्या झेंडूचा हार. तिपाईचा एक पाय बरोबर त्या चौकटीत येत होता. समाजाचे अध्यक्ष बापूसाहेब तिथेच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी काठी उचलली. "तिथं नाही. पूजेची जागा आहे. सरकवा जरा."

नथ्थूभैया माझ्याकडे बघायला लागले. "दीदी, साहब से पूछ लो."

आणि मला वाटलं, आपण विचारलं तर आपण लहान ठरू. मी म्हटलं, "नऊ पावलं पश्चिमेला घ्या, भैया. उतनेसे क्या होता है." तिपाई हलली. रेती लागली, ठणठणीत. मी नोंद केली. नकाशा मात्र मी आदल्या दिवशीच स्टेन्सिल लावून, काळ्या शाईने, चारही बोअर कोपऱ्यांत दाखवून पुरा केला होता. इतका सुंदर झाला होता की त्यावर खाडाखोड करायला माझा हात होईना. नऊ पावलांसाठी कोण पुन्हा काढणार?

बाबांनी तो नकाशा बघून म्हटलं होतं, "वा. माझ्यापेक्षा चांगला काढतेस." त्याच नकाशावर त्यांची सही झाली, त्याच रिपोर्टवर डिझाइन झालं: प्रत्येक खांबाला वेगळा पाया, दोन मीटर खोल, रेतीवर. वीस खांब. त्यातल्या सोळांचे पाये भरून झाले होते. उरलेले चार ईशान्येचे. त्यांच्यासाठी काँक्रीटची गाडी निघालेली होती.

"गाडी कुठपर्यंत आली?" मी विचारलं.

"पुलावर आहे. दहा मिनिटं," पुंडलिककाका म्हणाले.

मी धावले. खड्ड्याच्या काठावर बाबा वाकून सळयांमधलं अंतर मोजत होते. समोर रेती होती. छान, पिवळी, स्वच्छ रेती. खड्डा दोन मीटर, चिखल तीन मीटरपासून. तो दिसणारच नव्हता कोणाला. मला काही न बोलता घरी जाता आलं असतं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण एक मिनिट ते माझ्या डोक्यात आलं होतं.

"बाबा, भरू नका."

"काय झालं?"

मी मूठ उघडली. बाबांनी चिखल घेतला, दोन बोटांत चोळला, वास घेतला, पान बघितलं. "हे कुठलं?"

"पाण्याच्या बोअरमधलं. इथूनच, पंधरा फुटांवर. खोली दहा ते अठरा फूट."

"कसं शक्य आहे? आपला चौथा बोअर तर इथेच..." त्यांनी खिशातला नकाशा उघडला. माझा सुंदर नकाशा. "इथेच आहे."

"नाहीये."

बाबांनी वर बघितलं.

"मी सरकवला होता. पूजेची जागा होती म्हणून. नऊ पावलं पश्चिमेला. नकाशा बदलला नाही."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नकाशा घडीवर घडी घालून परत खिशात ठेवला आणि पुंडलिककाकांना म्हणाले, "गाडी परत पाठवा."

"साहेब! जाळी बांधून झाली आहे, गाडी गेटावर येऊन राहिली. परत कुठे पाठवू? मालाचा दगड होऊन जाईल!"

"झाला तर झाला. इथे नाही पडणार."

"अहो पण दिसते तर रेती! मस्त रेती आहे!"

"वर आहे. पायाचं ओझं पायाशी थांबत नाही, पुंडलिकराव. पाया दोन मीटर रुंद असला तर त्याच्या दुपटीएवढं खाली जाणवतं. ही रेती मीटरभर जाड आहे, खाली आठ फूट लोणी आहे."

गाडी गेटापाशी आली, ड्रम फिरवत उभी राहिली, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. पुंडलिककाका डोकं धरून त्याच्याकडे गेले. ती गाडी रिव्हर्स घेताना पीं पीं करत होती. तेवढ्यात बापूसाहेब रिक्षातून उतरले, पांढरं धोतर, हातात पेढ्यांचा डबा. शेवटचे पाये भरणार म्हणून खास बडा फुहाऱ्याच्या बाजारातून घेऊन आले होते.

"गाडी उलटी काहून चालली?"

बाबांनी सांगितलं. सगळं. माझं नावही सांगितलं. मी शेजारी उभी होते, बोटांमध्ये चिखल वाळत होता.

बापूसाहेब माझ्याकडे वळले. "मी पूजेच्या जागी नको म्हटलं होतं, बेटा. खरं आहे. पण दुसरीकडे केलंस ते लिहू नको, असं म्हटलं होतं का?"

"नाही, आजोबा."

"मग?"

नकाशा छान दिसत होता, हे काय सांगणार?

नथ्थूभैया ग्वारीघाटाजवळच राहतात. दुपारी एकला त्यांची तिपाई आली. एका खड्ड्यातली सळयांची जाळी उचलून बाजूला ठेवली, वरून फळ्या टाकल्या, आणि थेट पायाच्या जागी बोअर सुरू झाला. पूजेची चौकट दहा फुटांवर जशीच्या तशी होती. म्हणजे त्या वेळी जरा डोकं लढवलं असतं तर तिला धक्का न लावताही हे जमलं असतं.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: साडेत्रेसष्ट किलोचं वजन दोरीने पंचाहत्तर सेंटिमीटर वर घ्यायचं आणि सोडायचं. ते एका नळीवर बसतं, नळी जमिनीत घुसते. पहिले पंधरा सेंटिमीटर मोजायचे नाहीत. पुढचे तीस सेंटिमीटर जायला किती ठोके लागले, तो आकडा. रेती घट्ट असेल तर वीस-पंचवीस. नळी वर काढून उघडली की आतली माती बघायला मिळते.

मोजायचं काम माझं. बाबांनी सांगितलं नाही, पण वहीही काढून घेतली नाही.

पहिल्यांदा चौदा. रेती. पुंडलिककाका म्हणाले, "पाहा!"

खाली गेलो. वजन पडलं. "एक," मी म्हटलं. पुन्हा पडलं. "दोन." नथ्थूभैयांनी हात वर केला. खडूची खूण जमिनीशी आली होती.

"हो गया, दीदी."

"दोनमध्ये?"

"दो में."

मी वहीत दोन लिहिलं. पुढच्या खोलीवर तीन. त्याच्या पुढे परत दोन. नळी उघडली तेव्हा आतून तो राखाडी चिखल अखंड निघाला, आकार धरून, चमकत. बाबांनी त्याला बोटाने दाबलं, बोट सरळ आत गेलं. साडेपाच मीटरच्या खाली एकदम रेती, बावीस ठोके. जसं काही झालंच नव्हतं.

"लेन्स," बाबा म्हणाले. "मसुराच्या दाण्यासारखी. मध्ये जाड, कडेला पातळ, आणि तुझ्या नऊ पावलांवर संपलेली."

संध्याकाळच्या आत त्यांनी वाळूवर काडीने काढून दाखवलं. बापूसाहेब खुर्चीवर, पुंडलिककाका उकिडवे. "नर्मदेचा एखादा फाटा इथून वाहायचा, कधीतरी. वाहता होता तोवर रेती टाकत गेला. मग नदीने पात्र बदललं, हा फाटा डबकं झाला. थांबलेल्या पाण्यात चिखल बसतो, पानं पडतात, शंख मरतात. मग एक मोठा पूर आला आणि वरून रेती पसरून गेला. वरून सारखंच दिसतं. नदीचा मैदानी भाग असाच असतो, बापूसाहेब. चार भोकांत रेती लागली म्हणून पाचव्यात लागेल असं नाही. म्हणून भोकांची जागा महत्त्वाची."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

"मग काढून टाका तो चिखल," बापूसाहेब म्हणाले. "दगड भरा. आमच्या वेळी असंच करत."

"पाणी चार मीटरवर आहे. तिथवर खणलं की वरची रेती ढासळून खड्ड्यात येईल. आणि शेजारी भरलेले पाये आहेत, त्यांच्या खालची रेती पण त्यासोबत येईल."

"तर या चार खांबांना पाइल देऊन टाकू," पुंडलिककाका म्हणाले. "काँक्रीटचे लांब खुंट, चिखलातून खाली, बावीसवाल्या रेतीत. बाकी आहेत तसे राहू द्या."

मला वाटलं, हो! बरोबर! मी बाबांकडे आशेने बघितलं. खरंच, मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, एवढं होऊ दे.

"एक पाय टेबलावर आणि एक गादीवर ठेवून उभे राहा," बाबा म्हणाले. "रेतीवरचे पाये बांधकाम चालू असतानाच जे बसायचं ते बसतील. पाइल जवळजवळ बसणारच नाहीत. दोघांच्या मध्ये भिंत फाटेल. आणि मुख्य म्हणजे, ती लेन्स चार खांबांखालीच आहे हे कोण म्हणतं? फाटा कोपऱ्यात येऊन थांबत नसतो. तो कुठून तरी आला, कुठेतरी गेला."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून बोअर. भरलेल्या पायांच्या मधून."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. कोणी विचारलंही नाही. तिसऱ्या रांगेत, दोन भरलेल्या पायांच्या मध्ये, बाबांनी स्वतः टेप धरून खुंटी ठोकली. मग टेप माझ्या हातात दिला. मी मोजलं, परत मोजलं, शेजारच्या दोन खांबांपासून तिरपं मोजलं. बाबांनी मान हलवली आणि ते दूर जाऊन उभे राहिले.

साडेतीन मीटरवर नथ्थूभैयांनी वजन नळीवर अलगद टेकवलं. ठोका दिलाच नव्हता. नळी आपल्या आपण खाली जायला लागली. हळूहळू, लिफ्टसारखी. खडूची एक खूण गेली, दुसरी गेली.

"क्या लिखूँ, भैया?"

नथ्थूभैया पगडीच्या टोकाने तोंड पुसत होते. "ज़ीरो लिखो, दीदी. और क्या."

मी शून्य लिहिलं. त्यानंतरचा बोअर सहा मीटर दक्षिणेला, तिथेही पातळ थर, चार ठोके. त्याच्या पुढे मात्र रेती. कागदावर चिखलाची तिन्ही ठिकाणं जोडली तर तिरकी पट्टी दिसली, इमारतीच्या पोटातून गेलेली. तिच्यावर भरलेले सात पाये होते. सात. त्यातल्या प्रत्येकावर तीन मजले यायचे होते, आणि प्रत्येक मजल्यावर माझ्याएवढ्या मुली.

"लगेच पडणार नाही," बाबा बापूसाहेबांना सांगत होते. "चिखल पटकन बसत नाही. पाणी पिळून निघायला वर्षं लागतात. उद्घाटन होईल, मुली राहायला येतील, दोन-तीन वर्षं छान जातील. मग एका कोपऱ्यातलं दार लागेनासं होईल. मग भिंतीत जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग. तोवर काही करता येणार नाही."

"आता करता येईल?"

"सगळी इमारत एकाच प्रकारच्या पायावर. एक तर सगळ्यांखाली पाइल, चिखलाच्या पार. नाहीतर सगळ्यांखाली मिळून एक जाड सलग काँक्रीटची चटई. कुठलं, ते आज नाही सांगणार. हा चिखल ओझ्याखाली किती बसतो ते प्रयोगशाळेत बघावं लागेल, तीन आठवडे. एकदा घाई झाली आहे."

"आणि हे सोळा?" बापूसाहेबांनी काठीने भरलेल्या पायांकडे दाखवलं. खांबांच्या सळया वर निघालेल्या, टोकांवर पिवळ्या टोप्या.

बापूसाहेबांनी पेढ्यांचा डबा खुर्चीखाली ठेवलेला होता, कालचाच, न उघडलेला. त्यात मुंग्या झाल्या होत्या.

"नीलकंठ," बापूसाहेब बाबांना म्हणाले, "कार्यकारिणीला मला काहीतरी लेखी द्यावं लागेल. काम काहून थांबलं. चूक कोणाची."

"देतो."

बाबा स्कूटरच्या सीटवर लेटरहेड ठेवून लिहायला लागले. मी मागे जाऊन उभी राहिले. बाबांचं अक्षर बारीक आहे, पण मी वाचू शकते. 'चौथा बोअर मारताना मी स्वतः हजर होतो. पूजेच्या जागेमुळे तो माझ्या सांगण्यावरून पश्चिमेला हलवण्यात आला. नकाशात बदल करायचा माझ्याकडून राहून गेला.'

"बाबा, तुम्ही हजर नव्हता."

"चूप."

"पण नव्हता ना!"

ते वळले. पहिल्यांदा या दोन दिवसांत त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. डोळे लाल होते. "विनू, ऐक. मी होतो आणि चुकलो असं लिहिलं तर ती चूक होते. चूक माफ होते. मी नव्हतो आणि सोळा वर्षांच्या पोरीवर बोअर सोडून गेलो होतो असं लिहिलं, तर माती तपासणाऱ्यांच्या सरकारी यादीतून माझं नाव जातं. मग तिलवाऱ्याला काय, कुठेच माझ्या सहीला कोणी विचारणार नाही. समजून राहिलीस का?"

मी समजले होते. यादीत नाव आलं तेव्हा आईने सबंध मोहल्ल्यात साखर वाटली होती. प्रयोगशाळेच्या नावाखाली भाड्याच्या दोन खोल्या, एक भट्टी, एक वजनकाटा, नथ्थूभैयांचा संसार, आमचा संसार, सगळं त्या सहीवर.

मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही आला. "पण बाबा, हे तर परत तेच आहे."

"काय तेच?"

"बोअर एकीकडे आणि नकाशावर दुसरीकडे. तुम्ही नरसिंहपूरला होता आणि कागदावर इथे."

पुंडलिककाका मिक्सरजवळ उभे राहून उगाच पाना पुसत होते, म्हणजे ऐकत होते. हायवेवरून एक ट्रक गेला, धूळ आली आणि लेटरहेडचा कोपरा उडाला. बाबांनी तो अंगठ्याने दाबून धरला.

त्यांनी तो कागद फाडला नाही. लिहिलेल्या तिन्ही ओळींवर एकेक आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी, आणि शेजारी सही केली. खाडाखोड अशीच करायची असते म्हणे, आधीचं काय होतं ते दिसलं पाहिजे. खाली लिहिलं: 'मी हजर नव्हतो. बोअर माझी मुलगी विनता हिने हलवला, नोंद आणि नकाशाही तिचाच. देखरेखीची जबाबदारी माझी होती.' 'जबाबदारी' शब्द वाकडा झाला.

"मी पण सही करू?"

"तुझी सही चालत नाही. सोळा वर्षांची आहेस."

"तरी करते."

त्यांनी पेन दिलं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, कंसात अकरावी गणित. ते वेड्यासारखं दिसत होतं.

बापूसाहेबांनी चष्मा लावून सगळं वाचलं, खोडलेल्या ओळीसुद्धा. मग पेन मागितलं. सगळ्यात खाली, जुन्या मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलं, 'पूजेच्या जागी बोअर नको, हे मी सांगितलं होतं,' आणि सही केली. कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"यामुळे यादीतलं तुझं नाव वाचणार नाही, नीलकंठ," ते म्हणाले.

"माहीत आहे."

ते रिक्षाकडे चालू लागले. भरलेल्या पायांच्या मधून जायला वाट नीट नव्हती, म्हणून मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. मागे नथ्थूभैया तिपाई उतरवत होते, आणि बाबा चिखलावरच्या त्या सात पायांवर चुन्याने फुल्या मारत होते, एकेक करून, वाकून.